आप्पांचं माप

२०१९च्या मे महिन्यात मी आप्पांचं दूध परत पाठवलं. आष्टी तालुक्यात तेव्हा गावोगावी चारा छावण्या लागल्या होत्या. माणसं जनावरांबरोबर छावणीतच मुक्कामाला होती. उसाचं वाढं आणि मोजका पेंडीचा तुकडा यावर गाई तगून होत्या. अशा चाऱ्यावर दुधाला डिग्री बसत नाही. आप्पांच्या दोन गाईंचं सहा लिटर दूध मशीनवर लावलं तेव्हा एसएनएफ ७.९ आला. वरच्या संघाला ८.५ लागायचा, त्याखाली दर कापला जायचा आणि ८च्या खाली दूध घ्यायचंच नाही असा माझ्या डेअरीचा नियम होता. मागे वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन उभी होती. मी म्हणालो, "आप्पा, नाही घेता येणार."

आप्पा वाद घालत बसले नाहीत. "आकडा दाखव," एवढंच म्हणाले. मशीन माझ्या बाजूला तोंड करून होतं. ते वळसा घालून आत आले, चष्मा पुसला, वाकून आकडा वाचला, मान हलवली आणि किटली उचलून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. त्या दिवशी ८.१ होता, दूध घेतलं.

आप्पा माझ्या नात्यातले नाहीत. गावातल्या सगळ्यांचेच ते आप्पा. परळीच्या थर्मलला त्यांनी नोकरी काढली, कंट्रोल रूममध्ये. १९७१ साली तिथला पहिला संच सुरू झाला, त्यानंतर काही वर्षांनी ते लागले आणि २०११ला निवृत्त होऊन गावी आले. दर तासाला पॅनेलवरचे आकडे लॉगशीटवर उतरवायचे, हे त्यांचं तिथलं काम. २०१५ला पाण्यावाचून परळीचे संच बंद ठेवावे लागले तेव्हा गावात सगळ्यांत जास्त हळहळ आप्पांना वाटली होती. बाकी त्यांच्या नोकरीबद्दल मला काही माहीत नव्हतं. माझ्या लेखी ते सहा लिटरवाले एक गवळी होते.

माझी डेअरी २०१६ साली उभी राहिली. वडील सायकलला दोन कॅन लावून दूध गोळा करत. मी कर्ज काढून चिलिंग आणि पॅकिंगचं युनिट टाकलं. ११ केव्हीची उच्चदाब जोडणी घेताना कॉन्ट्रॅक्ट डिमांड किती लिहायची, हा प्रश्न आला. ज्या ठेकेदाराकडे मी विजेचं काम दिलं होतं त्यानं सगळ्या मोटारींच्या पाट्या वाचल्या, बेरीज मारली. अमोनियाचे तीन कॉम्प्रेसर ३७ किलोवॅटचे, म्हणजे १११. होमोजिनायझर २२. कोल्ड रूम, पाश्चरायझर, थंड पाण्याचे पंप, कूलिंग टॉवर, पॅकिंग मशीन, बोअर, बॉयलरचा पंखा, हवेचा कॉम्प्रेसर, दिवे. बेरीज २४२ आली. "२५० केव्हीए टाकू, पुढं वाढ झाली तर कटकट नको," तो म्हणाला. मी सही केली.

कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार उचलणार याबद्दल आपण वीज कंपनीला दिलेला शब्द. कंपनी तेवढ्यासाठी आपली व्यवस्था राखून ठेवते आणि त्या राखण्याचे पैसे डिमांड चार्ज म्हणून घेते. युनिटचे पैसे वेगळे. हा शब्द मी दुसऱ्याच्या बेरजेवर दिला होता. गवळ्याचं ३.४ फॅट ३.५ म्हणून चालवून न घेणारा माणूस मी. स्वतःच्या मशिनींना खरं किती लागतं हे सहा वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं.

२०२२च्या मे महिन्यात एप्रिलचं बिल हातात आलं. उन्हाळ्याचा कृश काळ. हिवाळ्यात २२ हजार लिटरवर गेलेलं संकलन १३ हजारांवर उतरलेलं. युनिट कमी झाले होते, पण डिमांड चार्जची ओळ सुमारे ७४ हजारांची होती. मार्चमध्ये तीच ६४,८०० होती. दूध घटलं आणि रक्कम वाढली. दहा दिवसांचा दुधाचा पगार वाटायचा दिवस होता आणि मी ते बिल हातात घेऊन काउंटरवरच मोठ्यानं बोलत होतो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

आप्पा किटली धुवून घेत होते. त्यांनी हात पुसले आणि बिल मागितलं. पहिलं पान त्यांनी पाहिलंच नाही. मागची बाजू उलटली, तिथं बारीक अक्षरात मागच्या महिन्यांच्या नोंदी असतात. बराच वेळ वाचून म्हणाले, "तुझी खरी डिमांड ९६ आहे. बिल १६३वर लागलंय. तू वापरतच नाहीस, त्याचे पैसे भरायलास."

मला ते एकदम कळलं नाही. त्यांनी पगाराच्या एका कोऱ्या पावतीवर लिहून दाखवलं. उच्चदाब ग्राहकाची त्या महिन्याची बिलाची डिमांड तेव्हा तीन आकड्यांतून ठरायची. तिन्हीत जो मोठा, तो लागायचा. पहिला, सकाळी ६ ते रात्री १० या वेळात प्रत्यक्ष नोंदलेली जास्तीत जास्त मागणी. दुसरा, मागच्या अकरा महिन्यांत बिलाला लागलेल्या सगळ्यांत मोठ्या डिमांडचे ७५ टक्के. तिसरा, कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा ठरावीक हिस्सा. हा तिसरा आकडा पूर्वी ५० टक्के होता, म्हणजे माझ्यासाठी १२५. हिवाळ्यात माझी खरी मागणीच त्याच्या वर जायची, म्हणून कधी टोचला नाही. पण वीज नियामक आयोगाच्या मार्च २०२०च्या आदेशानं तो ५५ झाला आणि पुढं दरवर्षी पाच-पाच टक्क्यांनी वाढत ७५पर्यंत जाणार होता. २०२२-२३ला तो ६५ टक्क्यांवर आला. २५०चे ६५ टक्के म्हणजे १६२.५, पूर्णांकात १६३. दर केव्हीएला ४५४ रुपये. आदल्या वर्षी ६० टक्के म्हणजे १५० आणि दर ४३२. चौसष्ट हजारांचे चौऱ्याहत्तर हजार झाले ते असे. यात कुणाची लबाडी नव्हती. नियम छापलेला होता, मी वाचला नव्हता.

"पुढच्या वर्षी १७५, त्याच्या पुढं १८८," आप्पा म्हणाले. "दूध असो नसो."

मी म्हणालो, उद्याच अर्ज देतो, १०० करून टाका म्हणतो. आप्पांनी पावती घडी करून खिशात ठेवली. "मोजलंयस का? नाही ना. मग कशाच्या जोरावर मागणार? माझं दूध तू मशीन लावल्याशिवाय घेतोस का?"

तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ त्यांनी काढली नाही. त्यांच्या आवाजात उणंदुणंही नव्हतं. मला मात्र ती किटली आठवली.

मोजायचं काय, हे त्यांनी मला शिकवलं ते आजही जसंच्या तसं पाठ आहे. मीटर क्षणाचा भार धरत नाही. मोटार चालू होताना जो झटका बसतो तो धरला असता तर कुणालाच परवडलं नसतं. मीटर अर्ध्या तासाचे युनिट, तेही केव्हीएएचमध्ये, मोजतं आणि त्याची दुप्पट करतं. महिन्यातल्या सगळ्या अर्ध्या तासांत जो सगळ्यांत भारी, तीच त्या महिन्याची मागणी. म्हणजे मला एवढंच शोधायचं होतं, माझा भारी अर्धा तास कुठला आणि त्यात काय काय चालू असतं.

आप्पांनी शाळेच्या वहीत उभ्या रेघा मारल्या. वेळ, मीटरचं वाचन, फरक, गुणक लावून युनिट, दुप्पट. शेवटचा रकाना रुंद ठेवला, 'काय चालू' असा. आठ दिवस पहाटे ६ ते दुपारी १२ दर अर्ध्या तासाला ते स्वतः मीटरच्या खोलीशी स्टूल टाकून बसले. गडी म्हणायचे, आप्पा थर्मलवर गेले. संध्याकाळच्या दुधाला माझा मुलगा वाचन घ्यायचा आणि आप्पा दुसऱ्या दिवशी ते तपासायचे. एकदा त्यानं ७.३०चं वाचन ७.४०ला घेतलं होतं. आप्पांनी ती ओळ खोडली नाही, बाजूला खरी वेळ लिहायला लावली. चाळीस मिनिटांचे युनिट अर्ध्या तासाचे म्हणून दुप्पट केले की आकडा खोटा फुगतो, हे त्याला समजावून सांगितलं.

भारी अर्धा तास सापडला. सकाळी ९.३० ते १०. गावोगावचे टेंपो तेव्हा एकदम येतात, गरम दूध टाकीत उतरतं, तीनपैकी दोन कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीनं चालतात आणि त्याच वेळी पाश्चरायझर व होमोजिनायझरवर पिशवीचं दूध चालू असतं. पण मे महिन्यात हा आकडा शंभराच्या आतच. खरा भार हिवाळ्यातल्या पुष्ट काळात असतो आणि तो मागचा होता. आप्पा म्हणाले, बिलातला बारा महिन्यांचा तक्ता काढू आणि मशिनींचा हिशेब लावून बघू जुळतो का. दोन वाटांनी एकाच आकड्यावर आलो तरच तो आकडा खरा.

त्यांनी पाटीवरचे किलोवॅट बाजूला ठेवले. पाटीवर मोटारीची ताकद असते, ती किती वापरली जाते ते नसतं. त्यांनी क्लॅम्प मीटर आणायला लावला आणि एकेक मोटार पुष्ट काळात चालते तशा भारावर चालवून अँपिअर घेतले. ३७चा कॉम्प्रेसर विजेकडून ३२ किलोवॅट घेत होता, म्हणजे दोघांचे ६४. तिसरा स्पेअर, त्याचा शून्य. होमोजिनायझर १७. पाश्चरायझर आणि क्रीम सेपरेटर मिळून ११. कूलिंग टॉवर आणि त्याचा पंप ९, थंड पाण्याचा एक पंप ७, पॅकिंग ६, हवेचा कॉम्प्रेसर सरासरीनं ६, कोल्ड रूमचं एक युनिट ६, दिवे, लॅब आणि ऑफिस ४. बेरीज १३० किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.९३ होता, १३०ला त्यानं भागलं की १४० केव्हीए.

बिलाच्या तक्त्यात मागच्या हिवाळ्यातले आकडे होते १४२, १४०, १४१. आणि जानेवारीत १४८.

मला वाटलं, झालं, जुळलं. आप्पा त्या १४८पाशी अडून बसले. "हे आठ कुठून आले?" दोन दिवस ते हाच प्रश्न घेऊन फिरत होते. शेवटी आमच्या बोअरवाल्या पोरानं सांगितलं की जानेवारीत रात्रीची थ्री-फेज दोनदा गेली, टाकी रिकामी राहिली, म्हणून त्यानं सकाळी साडेनऊलाच बोअर चालू केला होता. बोअरची मोटार साडेसात किलोवॅट. १३० आणि साडेसात, भागिले ०.९३; उत्तर १४८. आप्पांनी वहीच्या त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. एका बोअरमुळे सगळ्या महिन्याची डिमांड आठनं वाढते आणि तिची सावली पुढचे अकरा महिने बिलावर पडू शकते, हे मी त्या दोन रेघांतून शिकलो. बोअरला टायमर लावला, रात्री १० नंतरचा.

आता किती मागायचे? मी म्हणालो १५०. आप्पा १६०वर ठाम होते. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर गेलो तर वरच्या प्रत्येक केव्हीएला नेहमीच्या दराशिवाय आणखी दीडपट आकार पडतो आणि वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा गेलो तर प्रकरण करारापर्यंत जातं. खाली जास्त उतरलो आणि परत वाढवायची वेळ आली तर पुन्हा अर्ज, पुन्हा खर्च. "१०० मागितले असतेस तर पहिल्याच हिवाळ्यात सापडला असतास," ते म्हणाले. १६०चे ६५ टक्के १०४. पुढं ७५ टक्के झाले तरी १२०. तेवढं आपलं दूध पुष्ट काळात नक्की वापरतं.

पत्राचा मसुदा मी लिहिला. दोन पानं भरली. बीड जिल्हा कायम दुष्काळी, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, दुधावर जगणारी घरं, बँकेचे हप्ते, साहेबांनी सहानुभूतीनं विचार करावा, असं सगळं. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी ते आप्पांना वाचून दाखवलं. वाचताना माझाच आवाज जड झाला.

आप्पांनी पेन मागितलं आणि पहिल्या ओळीपासून एक तिरकी रेघ पार खालपर्यंत ओढली. मग म्हणाले, "हे खरंय, पण हे या टेबलाचं नाही. इथं दया मागितलीस तर ते म्हणतील बघू. आकडा दिलास तर त्यांना आकड्याला उत्तर द्यावं लागतं."

त्यांच्यासमोर बसून मी जे पत्र लिहिलं त्याची प्रत माझ्याकडे आहे. अधीक्षक अभियंता, मंडळ कार्यालय, बीड यांच्या नावानं. मजकूर एवढाच:

"विषय : उच्चदाब वीजजोडणीची कॉन्ट्रॅक्ट डिमांड २५० केव्हीएवरून १६० केव्हीए करण्याबाबत.

महोदय, आमच्या दूध शीतकरण व पॅकिंग प्रकल्पाची कॉन्ट्रॅक्ट डिमांड २०१६ साली सर्व मोटारींच्या क्षमतेची बेरीज करून २५० केव्हीए घेण्यात आली. त्यात राखीव यंत्रेही धरली होती. मागील बारा महिन्यांत नोंदलेली सर्वाधिक मागणी जानेवारी २०२२ मध्ये १४८ केव्हीए व सर्वांत कमी एप्रिल २०२२ मध्ये ९६ केव्हीए आहे. एका वेळी चालणाऱ्या यंत्रांचा प्रत्यक्ष मोजलेला भार १३० किलोवॅट असून ०.९३ पॉवर फॅक्टरला तो १४० केव्हीए होतो. जानेवारीतील जादा ८ केव्हीए बोअरच्या पंपामुळे होते. तो आता दिवसा चालवला जात नाही. तिसरा कॉम्प्रेसर राखीव असून पहिले दोन चालू असताना तो सुरू होऊ नये अशी इंटरलॉकची व्यवस्था केली आहे. आपल्या मीटरच्या लोड सर्व्हेवरून वरील आकडे पडताळून पाहावेत व कॉन्ट्रॅक्ट डिमांड १६० केव्हीए मंजूर करावी. नवीन करारनामा करण्यास आम्ही तयार आहोत. सोबत : मागील बिल, बारा महिन्यांच्या मागणीचा तक्ता, यंत्रांची यादी, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल."

इंटरलॉकची ओळ आप्पांची. मी विचारलं होतं, याची काय गरज? ते म्हणाले, अभियंता शहाणा असेल तर पहिला प्रश्न हाच विचारील. यादीत तीन कॉम्प्रेसर आहेत, तिन्ही लावले तर काय? तिन्ही लागले तर १६२ किलोवॅट, म्हणजे १७४ केव्हीए, आपण शब्दाच्या बाहेर. म्हणून पत्र द्यायच्या आधी पॅनेलमध्ये वायरिंग करून घेतलं. आधी केलं, मग लिहिलं. आणि खरोखर बीडच्या ऑफिसात कागद चाळता चाळता साहेबांनी तिसऱ्या कॉम्प्रेसरवर बोट ठेवलं, मग त्या ओळीवर नजर गेली, आणि बोट पुढं सरकलं. लोड सर्व्हे म्हणजे मीटरनं स्वतःच जपून ठेवलेली अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद. ती आमच्या तक्त्याशी ताडून पाहिली. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर येऊन म्हणालो, "१४२ला १४२ आले." त्यांनी विचारलं, "साडेनऊचेच ना?"

सप्टेंबरच्या बिलात १६० लागू झालं. खरी मागणी ११८ होती, बिल १२२वर लागलं, कारण जुन्या १६३चे ७५ टक्के मागे होतेच. आप्पांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी पुन्हा काउंटरवर ओरडलो असतो. १२२ गुणिले ४५४, म्हणजे ५५,३८८. पुढच्या मे महिन्यात, दर ४९९ झाल्यावर, जुनी डिमांड राहिली असती तर ८७ हजार भरावे लागले असते. आम्ही ६०,८७८ भरले. त्या उन्हाळ्यात एकही पगार लांबला नाही.

पण त्याआधीच्या डिसेंबरमधली एक सकाळ सांगायची राहिली. पुष्ट काळ भरात होता. आप्पांची सवय होती, दूध घातलं की पॅनेलच्या अँपिअरच्या काट्याकडे एक नजर टाकायची. साडेनऊला हा काटा १९७च्या आसपास असतो हे त्यांना तोंडपाठ होतं: ४१५ व्होल्ट, १९७ अँपिअर, त्याला १.७३२नं गुणलं की १४२ केव्हीए. त्या दिवशी काटा २२६वर होता. मशिनी त्याच, दूध तेवढंच, बोअर बंद. त्यांनी मला हाक मारली नाही, थेट पाश्चरायझर बंद करायला लावला, मग म्हणाले, "कपॅसिटर बघ."

कपॅसिटरच्या पॅनेलमधला एक कॉन्टॅक्टर जळून चिकटला होता आणि दोन कपॅसिटर फुगून गेले होते. पॉवर फॅक्टर ०.९३वरून ०.८वर आला होता. १३० किलोवॅट तेवढेच, पण ०.८नं भागले की १६२. अर्धा तास पुरा झाला असता तर मी १६०च्या बाहेर. किलोवॅटचा मीटर पाहणाऱ्याला हे कळत नाही, कारण किलोवॅट वाढलेलेच नसतात. फक्त अँपिअर वाढतात. तेव्हापासून कपॅसिटरचे अँपिअर दर सोमवारी वहीत चढतात, आणि दोन कपॅसिटर कपाटात तयार ठेवलेले असतात.

त्या महिन्याचा हिशेब झाला तेव्हा मी आप्पांच्या घरी गेलो. पाकिटात पंचवीस हजार होते. काकूंनी चहा ठेवला. मी पाकीट पुढं केलं. आप्पांनी ते माझ्या हाताखाली परत सरकवलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं चुकलं आपलं. मग ते म्हणाले, "एक काम करशील? ते फॅटचं मशीन तिकडं फिरव. दूध घालणाऱ्याच्या बाजूला. म्हाताऱ्या माणसाला आत यावं लागतं रे आकडा बघायला."

काकू चहा घेऊन आल्या. कप हातात घेताना माझा हात थरथरत होता. तीन वर्षं आणि काही महिने त्यांनी हे मनात ठेवलं होतं, आणि राग म्हणून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी काउंटरचा ओटा फोडून घेतला. मशीन वळवलं, वायर लांब केली, आकड्याच्या वर छोटा दिवा लावला, कारण पहाटे तिथं अंधार असतो. पहिल्या दिवशी रांग हलेना. प्रत्येक माणूस थांबून आकडा वाचत होता, मागच्याला दाखवत होता. एका बाईनं विचारलं, हा पहिला आकडा फॅटचा का दुसरा? मी सांगितलं, पहिला फॅट, दुसरा एसएनएफ. तिनं मुलाला तो वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

आप्पांचा नंबर आला. किटली ठेवली, चष्मा पुसला. ३.७, ८.४. दर दहा पैशांनी कापला जाणार होता.

"चार," आप्पा म्हणाले.

"हो आप्पा. ८.४."

त्यांनी पावती घेतली, वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पॅनेलच्या खोलीकडे वळले. साडेनऊला वेळ होता, तरी काटा एकदा बघून यायचा होता.